कुझनेट्स वक्र

गरीब देश वर येऊ लागला की त्यातली उत्पन्नाची विषमता आधी वाढते, काही काळ चढीच राहते आणि देश पुरेसा श्रीमंत झाल्यावर उतरू लागते, असे सांगणारे अर्थशास्त्रातील गृहीतक. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न आणि उभ्या अक्षावर विषमता मांडली, तर इंग्रजी यू अक्षर पालथे घातल्यासारखी रेघ मिळते. सायमन कुझनेट्स (१९०१–१९८५) या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. गंमत अशी की ज्या निबंधातून ही कल्पना जगभर पसरली, त्यात त्यांनी ही रेघ कुठेही काढलेली नाही.

कुझनेट्स यांचा जन्म पिन्स्कचा. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते बेलारूसमध्ये आहे. १९२२ साली ते अमेरिकेला गेले आणि राष्ट्रीय उत्पन्न कसे मोजावे, याची घडी बसवण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. १९७१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आकड्यांच्या बाबतीत ते अतिशय काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. त्यामुळे अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून डिसेंबर १९५४ मध्ये डेट्रॉइटला केलेल्या भाषणात त्यांनी दिलेली कबुली लक्षात ठेवण्यासारखी आहे. या मांडणीत माहिती पाचच टक्के असेल, बाकी पंच्याण्णव टक्के तर्क आहे आणि त्यातही काही भाग मनातल्या इच्छेने रंगलेला असू शकेल, असे त्यांनी स्वतःच म्हणून ठेवले. भाषण १९५५ साली छापून आले. पुढच्या वीस वर्षांत ही कबुली मागे पडली आणि वक्र तेवढा पाठ्यपुस्तकांत राहिला.

त्यांच्यापुढचे कोडे प्रत्यक्षात उताराचे होते, चढाचे नव्हे. अमेरिकेत वरच्या पाच टक्के कुटुंबांचा उत्पन्नातला वाटा १९२९ च्या सुमारास ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो दुसऱ्या महायुद्धानंतर २० टक्क्यांच्या थोडा वर एवढाच उरला. इंग्लंडमध्ये तोच वाटा १८८० मध्ये ४६ टक्के होता, तो १९४७ पर्यंत २४ टक्क्यांवर आला. कुझनेट्स यांना हे नवलाचे वाटले, कारण त्यांच्या मते दोन गोष्टी विषमता वाढवायलाच हव्या होत्या. एक तर बचत प्रामुख्याने श्रीमंतच करतात, म्हणजे संपत्ती आणि तिच्यावरचे उत्पन्न त्यांच्याकडेच साचत जाणार. दुसरे, लोक शेती सोडून शहरांकडे जातात आणि शहरातले उत्पन्न जास्तही असते व अधिक विषमही. तरीही विषमता कमी का झाली, याचा शोध घेताना त्यांनी असा तर्क केला की त्याआधी ती वाढली असणार : इंग्लंडमध्ये साधारण १७८० ते १८५० या काळात, अमेरिकेत १८४० ते १८९० मध्ये. या चढत्या भागासाठी त्यांच्याकडे जवळपास काहीच आकडे नव्हते. वक्राचा अर्धा भाग मोजलेला आणि अर्धा कल्पिलेला आहे, हे ध्यानात घेतले की पुढचे बरेच वाद समजायला सोपे जातात.

शेतीकडून शहराकडे होणाऱ्या स्थलांतरातून चढ आणि उतार दोन्ही कसे निघतात, हे छोट्या हिशेबाने दाखवता येते. समजा शंभर कुटुंबे आहेत. शेतीवरचे प्रत्येक कुटुंब महिन्याला हजार रुपये मिळवते, शहरातले तीन हजार. शेतीवरची सगळी एकमेकांत समान, शहरातलीही एकमेकांत समान. सगळेच शेतीवर असतील तर विषमता शून्य. दहा कुटुंबे शहरात गेली की एकूण उत्पन्न एक लाख वीस हजार होते आणि त्यातले तीस हजार, म्हणजे चौथा हिस्सा, या दहा कुटुंबांकडे जातो. विषमता मोजण्याचा नेहमीचा आकडा म्हणजे जिनी गुणांक : पूर्ण समानता असेल तर तो शून्य, सगळे एकाच्याच हाती असेल तर एकाच्या जवळ. दोनच गट असताना तो काढणे सोपे असते. वरच्या गटाचा उत्पन्नातला वाटा घ्यायचा आणि त्यातून त्याचा लोकसंख्येतला वाटा वजा करायचा. इथे ०.२५ मधून ०.१० गेले, उरले ०.१५. चाळीस कुटुंबे शहरात पोहोचली की शहराचा उत्पन्नातला वाटा दोन-तृतीयांश होतो आणि जिनी ०.२७ वर चढतो. ऐंशी पोहोचली की तो ०.१२ वर उतरतो, आणि सगळी पोहोचली की पुन्हा शून्य.

या संपूर्ण प्रवासात गावातल्या कोणाची मिळकत घटली नाही, शहरातल्या कोणाची वाढली नाही. फक्त माणसे इकडून तिकडे गेली आणि तेवढ्यावर विषमता चढली नि उतरली. शिवाय शिखर अर्ध्या वाटेच्या आधीच येते : तिप्पट फरक असेल तर साधारण ३७ कुटुंबे शहरात गेल्यावर. ही रचना अप्रतिम आहे, पण ती दोन अटींवर उभी आहे. गाव आणि शहर यांतला फरक तेवढाच राहिला पाहिजे आणि शहरातल्या शहरात विषमता वाढता कामा नये. कुझनेट्स यांनी दुसरी अट सैल करून उदाहरणे केली होती. उतारासाठी त्यांनी निव्वळ या गणितावर भिस्त ठेवलीही नव्हती. शहरात जन्मलेली दुसरी पिढी स्थिरावते, कामगारांचे राजकीय बळ वाढते, वारसा कर आणि संरक्षक कायदे येतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. लोकप्रिय झालेल्या आवृत्तीतून नेमका हाच भाग गळला आणि उतार आपोआप येतो असा समज झाला.

हा समज सोयीचा होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना, आधी वाढ होऊ द्या, वाटप मागाहून आपोआप होईल, असे सांगता येत होते. पण वक्र तपासायचा तर एकाच देशाची शंभर वर्षांची आकडेवारी हवी आणि ती नव्हती. म्हणून १९७० च्या दशकात वेगळी वाट काढली गेली. गरीब, मध्यम आणि श्रीमंत असे अनेक देश एकाच वेळी ओळीने मांडायचे आणि ती एकाच देशाची तीन वये आहेत असे धरायचे. जागतिक बँकेत असताना मॉन्टेकसिंग अहलुवालिया यांनी १९७६ मध्ये अशी मांडणी केली आणि पालथा यू खरोखरच दिसला.

तो दिसण्यामागे भूगोलाचा मोठा हात होता. मध्यम उत्पन्नाच्या गटात ब्राझील, मेक्सिको असे लॅटिन अमेरिकी देश बरेच होते. तिथली विषमता वसाहतकाळापासूनच्या मोठ्या जमीनदारीतून आलेली होती, मध्यम उत्पन्नातून नव्हे. हे देश वेगळे काढले की मधला उंचवटा बराचसा सपाट होतो. सुधीर आनंद आणि रवी कानबूर यांनी १९९३ मध्ये अहलुवालियांच्याच पद्धतीची उलटतपासणी केली. समीकरणाचे रूप बदलले किंवा अधिक विश्वासार्ह आकडे निवडले की वक्र नाहीसा होतो, कधी सुलटाही होतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे क्लाउस डाइनिंगर आणि लिन स्क्वायर यांनी एकेका देशाचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे गोळा केले, तेव्हा बहुतेक देशांत उत्पन्नवाढ आणि विषमता यांच्यात कोणताच ठाम संबंध सापडला नाही.

तैवानचा दाखला तर चढाच्या मुळावरच घाव घालतो. तिथे १९४९ मध्ये कुळाकडून घ्यायचा खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर मर्यादित केला गेला आणि १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन हे धोरण राबवले गेले. त्यानंतरची दोन-तीन दशके वाढ झपाट्याची होती, पण विषमता वाढण्याऐवजी घटली. लहान कारखाने ग्रामीण भागातच निघाल्यामुळे शेतकरी कुटुंबांना घर न सोडता दुसरी मिळकत मिळाली. म्हणजे चढ अटळ नव्हता.

उताराचीही तीच गत झाली. कुझनेट्स यांनी ज्या अमेरिकेवरून अंदाज बांधला, तिथेच १९७० च्या दशकानंतर विषमता पुन्हा वाढली. वरच्या दहा टक्क्यांचा वाटा महायुद्धापूर्वी होता तेवढ्यापर्यंत परत गेला. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राप्तिकराच्या जुन्या नोंदींवरून जे चित्र उभे केले, त्यात १९१४ ते १९४५ ची घसरण औद्योगिक प्रगतीचे फळ वाटत नाही. दोन महायुद्धे, मंदी, महागाईने मातीमोल झालेले रोखे आणि १९४४ मध्ये ९४ टक्क्यांवर गेलेला अमेरिकेतला सर्वोच्च प्राप्तिकर दर, ही तिची कारणे दिसतात. ब्रँको मिलानोविच यांनी एका वक्राऐवजी लाटांची कल्पना मांडली आहे : दर मोठ्या तांत्रिक बदलाबरोबर विषमता चढते, मग राजकारणाने किंवा युद्धाने उतरते. त्यात तथ्य आहे. पण उठेल तेव्हा लाट आणि बसेल तेव्हाही लाट म्हणायची मुभा असेल, तर ही कल्पना खोटी ठरवायची कशी, हा आक्षेप राहतोच.

भारत तर मूळ निबंधातच होता. १९४९–५० च्या अंदाजानुसार भारतात वरच्या २० टक्क्यांकडे ५५ टक्के उत्पन्न होते, अमेरिकेत ४४ टक्के. त्यानंतर काय झाले, हे वरच्याच हिशेबाने पाहता येते. १९५१ च्या सुमारास सुमारे ७० टक्के कामकरी शेतीत होते आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग शेतीतून येत होता. म्हणजे बिगरशेतीतल्या माणसामागे शेतीतल्याच्या सव्वादोन पटींहून थोडे जास्त उत्पन्न, आणि दोन गटांमधला जिनी ०.२०. आज शेतीत सुमारे ४६ टक्के कामकरी आहेत, पण शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या घरात आला आहे. फरक जवळपास चौपट झाला, जिनी ०.२८. फरक १९५१ इतकाच राहिला असता तर एवढ्या स्थलांतरानंतर तो ०.१९ च्या आसपास असता, म्हणजे आपण शिखर ओलांडून उताराला लागलो असतो. उत्पन्न शेतीतून निघून गेले, माणसे मात्र मागे राहिली. वक्राची पहिलीच अट इथे मोडली.

दुसरी अटही टिकली नाही. शेती सोडलेल्यांपैकी फार मोठा वर्ग कारखान्यात न जाता बांधकामावर गेला. मराठवाड्यातून पुण्यात आलेला बिगारी आणि तो ज्या इमारतीचा स्लॅब टाकतो तिथे उद्या बसणारा संगणक अभियंता, दोघेही आकडेवारीत बिगरशेतीतच मोजले जातात. त्यांच्यातली दरी वरच्या ०.२८ मध्ये कुठेच येत नाही.

भारतातली विषमता एकूण वाढली की घटली, याचे उत्तर काय मोजता यावर ठरते. घरगुती खर्चाच्या सरकारी पाहण्यांनुसार २०११–१२ ते २०२२–२३ या काळात खर्चाचा जिनी ग्रामीण भागात ०.२८३ वरून ०.२६६ वर, शहरी भागात ०.३६३ वरून ०.३१४ वर आला. मात्र या दोन पाहण्यांत माहिती गोळा करण्याची पद्धत बदलली, त्यामुळे हा उतार पूर्ण खरा धरता येत नाही. शिवाय श्रीमंत माणूस मिळवतो त्याचा लहानसा भागच खर्च करतो आणि पाहणीसाठी त्याचे दार उघडणेही अवघड असते. प्राप्तिकराच्या नोंदी धरून पिकेटी गटाने काढलेल्या अंदाजात वरच्या एक टक्क्याचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२२–२३ मध्ये २२ टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. या अंदाजावरही आक्षेप आहेत. विवरणपत्र भरणारे थोडे, शेतीचे उत्पन्न करमुक्त, आणि मधली जागा गृहीतकांनी भरलेली. पहिल्या आकड्यांवर विसंबले तर भारत वक्राच्या उतारावर आहे आणि दुसऱ्यांवर विसंबले तर अजून चढतो आहे.