एकत्रित मेरिट स्कोअर (बारावी + एंट्रन्स)

बारावीचे टक्के आणि एंट्रन्सचे मार्क आधीच जाहीर केलेल्या प्रमाणात मिसळून जो एकच आकडा काढतात तो एकत्रित मेरिट स्कोअर, आणि त्याच्यावरून मेरिट लिस्ट लागते. प्रमाण 60:40 असेल तर बारावीचे टक्के गुणिले 0.6 अधिक एंट्रन्सचे टक्के गुणिले 0.4, बस.

समजा एकीला बारावीत 92 आणि एंट्रन्सला 60 टक्के आहेत, दुसरीला 84 आणि 70. बारावीला 60 वजन दिलं तर पहिली 79.2, दुसरी 78.4, म्हणजे पहिली वर. तेच 50:50 केलं की 76 आणि 77, दुसरी वर. आता एंट्रन्स 200 मार्कांची होती आणि कोणी 100 वर न आणता 120 आणि 140 तसेच टाकले तर 60:40 मध्येसुद्धा 103.2 आणि 106.4 होतात, क्रम उलटतो. स्कोअर शंभरच्या वर गेला की ही चूक लगेच कळते, पण पेपर 100 पेक्षा कमी मार्कांचा असेल तर कळत पण नाही.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. कागदावरचं प्रमाण आणि प्रत्यक्षातलं वजन एक नसतं, कारण वजन ठरतं मार्क किती पसरलेत त्याच्यावर. बारावीला बहुतेक अर्जदार 80 ते 95 मध्ये दाटीने बसलेले आणि एंट्रन्सला 20 पासून 90 पर्यंत पांगलेले, मग 50:50 लिहिलं तरी लिस्ट जवळजवळ एंट्रन्सच ठरवते. मार्कांचा पसरटपणा मोजणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन, ते बारावीचं 5 आणि एंट्रन्सचं 15 असेल तर 50:50 चा परिणाम साधारण 25:75 सारखा होतो, आणि हे पोरांना कोणी सांगत नाही, हे मला अजिबात पटत नाही. यावर उपाय म्हणजे मिसळायच्या आधी दोन्ही मार्क एकाच मापावर, म्हणजे सारख्याच पसरटपणावर आणायचे. एका बाजूला साधे टक्के आणि दुसऱ्या बाजूला पर्सेंटाइल असं तर कधीच मिसळू नये, 90 टक्के म्हणजे शंभरातले 90 मार्क आणि 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के मुलं आपल्या मागे, या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे 2013 ते 2016 मध्ये जेईई मेनच्या रँकला 60 टक्के जेईई आणि 40 टक्के बारावी असं होतं. बोर्ड वेगवेगळी, कुठे सढळ मार्क तर कुठे हात आखडता, म्हणून टक्के सरळ घ्यायचे नाहीत. आधी मुलाची त्याच्या बोर्डातली पर्सेंटाइल काढायची, मग तेवढ्याच पर्सेंटाइलला जेईई मेनमध्ये किती मार्क येतात ते बघायचं, एकदा देशभरातल्या मुलांत आणि एकदा फक्त त्या बोर्डाच्या मुलांत, दोन्हींची सरासरी म्हणजे बारावीचे नॉर्मलाइज्ड मार्क. याने पसरटपणाचा प्रश्न पण बऱ्यापैकी सुटायचा, कारण बारावी जेईईच्याच मापात यायची. पण हे करायला सगळ्या बोर्डांचे निकाल हातात लागायचे, एक बोर्ड लेट झालं की रँक लटकली, आणि आपला 40 टक्के भाग नेमका किती हे मुलाला घरी बसून काढता येत नव्हतं. 2017 पासून रँकमधून बारावी काढली, एनआयटीला 75 टक्के किंवा बोर्डातले टॉप 20 पर्सेंटाइल एवढी पात्रतेची अट तेवढी उरली.