पावसाळ्यात मोड शिजवूनच खा
(हाय-प्रोटीन आहार घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आम्ही दिलेल्या आहाराच्या तक्त्यात मोड आलेली कडधान्यं बहुतेकांना लिहून दिलेली असतात. पावसाळा लागला की त्या ओळीत आम्ही एकच बदल करतो: मोड कच्चे खायचे नाहीत. यावर लगेच विचारलं जातं, "मग प्रोटीन कमी नाही का होणार?" त्याचं उत्तर पुढे आहेच, पण आधी कारण.

धुऊन का भागत नाही

मोड यायला ओल, ऊब आणि वेळ लागतो. जंतूंनाही नेमकं तेच हवं असतं. दाण्याच्या सालीवरच्या बारीक भेगांत साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे जंतू असू शकतात. कोरड्या दाण्यात ते महिनोन्‌महिने गप्प पडून राहतात, पण कडधान्य भिजलं की वाढू लागतात आणि मोड येईपर्यंत थोड्यांचे लाखो होतात. भेगांत शिरलेले हे जंतू नळाखाली धुऊन पूर्ण निघत नाहीत. मीठ-लिंबू लावूनही मरत नाहीत. घरचे मोड म्हणजे बिनधोक, असं अनेकांना वाटतं. पण जंतू दाण्याबरोबरच आले असतील, तर स्वच्छ स्वयंपाकघरातही ते वाढणारच. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमुळे ई. कोलायची साथ आली आणि त्यात 50 हून जास्त माणसं दगावली. तेव्हा ही भीती पोकळ नाही.

50 ग्रॅम मुगाचा हिशेब

समजा, तुम्ही 50 ग्रॅम कोरडे मूग घेतले. त्यात साधारण 12 ग्रॅम प्रोटीन असतं. भिजून मोड आल्यावर तेच मूग दुपटीहून जास्त भरतात, पण ते वाढलेलं वजन पाण्याचं. प्रोटीन तेवढंच, 12 ग्रॅमच्या आसपास. वाफवल्यावरही ते उडून जात नाही. उलट कच्च्या कडधान्यात प्रोटीनच्या पचनाला अडथळा आणणारे काही घटक असतात, ते उष्णतेने कमी होतात. शिजवल्याने क जीवनसत्त्व थोडं घटतं, ते फळांतून मिळेल. म्हणून वजन मोजताना कोरडं कडधान्य मोजा. मोडांचं वजन धरून हिशेब केलात, तर प्रोटीन खाल्लं त्याहून जास्त दिसेल.

मूग निवडून, धुऊन पिण्याच्या पाण्यात 8 तास भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. पुन्हा धुऊन, निथळून स्वच्छ कापडात ठेवा. मोड जरा डोकावले की पुरे, लांब होण्याची वाट पाहू नका. लगेच वाफवायचे नसतील तर फ्रीजमध्ये ठेवा. वाफ धरल्यापासून 8 ते 10 मिनिटं वाफवा. मधला दाणा चिमटीत सहज दबला पाहिजे आणि ढीग आतपर्यंत कडकडीत गरम झाला पाहिजे. भांडं खच्चून भरलं की कडेचे दाणे शिजतात आणि मधले कोमट राहतात, ही चूक फार होते. शिजलेले मोड 2 तासांच्या आत खा किंवा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.

बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड टाकून द्या. मात्र वास चांगला आहे म्हणून कच्चे मोड सुरक्षित ठरत नाहीत, कारण आजारी पाडणारे जंतू वासावरून कळत नाहीत.

सॅलड आणि बाहेरचं खाणं

कच्च्या पालेभाज्या या दिवसांत बंदच ठेवा, पानांच्या घड्यांत चिखल राहतो. काकडी-गाजर आधी धुवा, मग सोला आणि खाण्याच्या वेळीच चिरा. ज्या पाटावर कच्चं चिकन कापलं, त्यावर सॅलड चिरू नका.

बाहेर खावं लागलंच तर समोर गरम होऊन आलेलं घ्या. वरून घातलेले कच्चे मोड, चिरलेला कांदा आणि बर्फ नको. तयार प्रोटीन शेकमध्ये पाणी कोणतं आणि भांडं कसं धुतलंय, हे आपल्याला दिसत नाही. स्वतःचा शेकही पावडर कोरडी नेऊन आयत्या वेळी कालवा. शेकर लगेच धुवा, त्याच्या झाकणाच्या खाचेत चिकटलेला थर लवकर नासतो.

पोट बिघडलंच तर

आहार नुकताच बदलला असेल आणि फक्त गॅस किंवा जडपणा असेल, तर बहुधा तो बदलाचा परिणाम असतो. आम्हाला कळवा, प्रमाण कमी करू. पण पाण्यासारखे जुलाब, उलट्या, ताप सुरू झाले तर संसर्ग धरून चाला. त्या दिवसांत प्रोटीनचं लक्ष्य बाजूला ठेवा, शेक बंद करा, ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवून घोट घोट प्या आणि भूक लागेल तसं साधं, मऊ जेवण घ्या. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, पाणीही पोटात न टिकणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्क माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर त्यांना कच्चे मोड कोणत्याच ऋतूत देऊ नका.