नाक तेच, हात आखूड

इंदूरच्या लोकमान्यनगरात माझी बहीण राहते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तर भाची फोन हातात घेऊन गप्प बसली होती. तिच्या लग्नाचं बघणं सुरू होतं आणि बायोडेटावर लावायला एक फोटो हवा होता. राजवाड्यापुढे काढलेले चौदा-पंधरा सेल्फी तिने मला दाखवले आणि म्हणाली, "मामा, खरं सांग, माझं नाक एवढं आहे?" तिचं नाक मी पंचवीस वर्षं बघतोय. एवढं नव्हतं. पण फोटोत होतं, हेही खरं. पुढचं वाक्य ऐकून मात्र मी सावध झालो. नाकाच्या ऑपरेशनला किती खर्च येतो, याची चौकशी तिने आधीच करून ठेवली होती.

मी आयुष्यभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. "अगं, तसं काही नाही" म्हणून समजूत घालण्यापेक्षा मोजून बघणं मला सोपं वाटतं. बहिणीच्या शिवणयंत्रातली टेप घेतली, कंपासपेटीतला डिव्हायडर शोधला आणि आम्ही गच्चीवर गेलो.

आधी खरं माप. दोन जाड पुस्तकं तिच्या चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी, कानांच्या जरा पुढे, गालांच्या हाडांवर अलगद टेकवली आणि त्यांच्यातलं अंतर मोजलं. ते १३० मिलिमीटर भरलं. मग डिव्हायडरने नाकाची रुंदी, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घेतलं. ते ३६. चेहऱ्याची रुंदी १०० धरली, तर नाक २८च्या जरा आत. हा आमचा खरा आकडा.

मग तिला नेहमीसारखा सेल्फी काढायला सांगितला. कोपर वाकवून, फोन चेहऱ्यासमोर. टेपने पाहिलं तर फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे फूटभर अंतरावर होता. तो फोटो टीव्हीवर मोठा करून पट्टीने मोजला. चेहरा १००, तर नाक ३५! त्यानंतर तोच फोन कठड्यावर टेकवून, टायमर लावून दीड मीटरवरून फोटो घेतला. चेहरा १००, तर नाक २९. माणूस तेच, ऊन तेच, दोन फोटोंमध्ये चार मिनिटांचं अंतर.

कारण साधं आहे. फोटोत एखादी गोष्ट किती मोठी दिसेल, हे ती कॅमेऱ्यापासून किती लांब आहे यावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा. आता चेहरा काही थाळीसारखा सपाट नसतो. भाचीच्या बाबतीत नाकपुड्यांपासून गालांच्या हाडांचा सर्वांत रुंद भाग साधारण ९ सेंटिमीटर मागे आहे. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर तो भाग ३९ वर पडतो. ३९ भागिले ३० म्हणजे १.३. नाकाला चेहऱ्याच्या मानाने ३० टक्के जास्तीचा आकार फुकट मिळाला. कॅमेरा १५० सेंटिमीटरवर नेला की तोच भाग १५९ वर जातो आणि भागाकार येतो १.०६. ते ९ सेंटिमीटर तेवढेच राहतात, पण १५०च्या पुढे ९ म्हणजे किरकोळ आणि ३०च्या पुढे ९ म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. चित्रकार याला यथार्थदर्शन म्हणतात.

या हिशेबाने पहिल्या फोटोत नाक ३६ यायला हवं होतं, भरलं ३५. ही मोजण्यातली चूक नाही, उलट यात एक गंमत आहे. कॅमेरा फार जवळ आला की गालांचा फुगीर भाग मागच्या हाडांना झाकतो. फोटोत चेहऱ्याची जी कड दिसते, ती मग हाडांची नसते, गालांची असते, म्हणजे थोडी पुढची. त्यामुळे आकडा जरासा कमी भरतो. याच कारणाने कानही गालांच्या आड सरकतात. एखादा फोटो किती जवळून काढला आहे, हे ओळखायचं असेल तर मी आधी कान बघतो. समोरून काढलेल्या फोटोत, केस बांधलेले असूनही, कानांच्या नुसत्या कडा दिसत असतील तर फोन बहुधा चेहऱ्याला अगदी खेटून होता.

इथे भाचीने बरोबर शंका काढली. "पण मग वाइड-अँगल लेन्समुळे नाक मोठं दिसतं, असं सगळे म्हणतात ते?" सगळे म्हणतात आणि सगळे अर्धवट म्हणतात. माझ्या फोनच्या मागच्या बाजूला साध्या कॅमेऱ्याशेजारी तीन पट झूमची वेगळी लेन्स आहे. दीड मीटरवरून, फोन न हलवता, दोन्हींनी तिचा फोटो घेतला. साध्या वाइड लेन्सच्या फोटोत ती एवढीशी आणि मागे पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, शेजारच्यांची अँटेना असं सगळं आलं होतं. त्यातला फक्त तिचा चेहरा कापून घेतला आणि झूमच्या फोटोशेजारी ठेवला. नाक दोन्हींत २९. कापलेला फोटो जरा खरखरीत होता, एवढाच फरक.

म्हणजे नाकाचं प्रमाण लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. लेन्सचा गुन्हा वेगळा आहे. ती आपल्याला जवळ जायला लावते. फोनचा पुढचा कॅमेरा एवढा रुंद पाहतो, की हात लांब केला तरी चेहरा लहान दिसतो आणि मागे अर्धा राजवाडा येतो. चेहरा चौकटीत भरावा म्हणून कोपर आपोआप वाकतं. तसा कोपर न वाकवता हात पूर्ण ताणला, तरी भाचीचा फोन ५५ सेंटिमीटरपलीकडे गेला नाही, आणि तिथे नाक ३२ भरलं. माणसाचा हात मुळातच आखूड पडतो. स्टुडिओवाले पूर्वी पोर्ट्रेटसाठी लांब पल्ल्याची लेन्स वापरत, ती याचसाठी. तिच्यातून चेहरा चौकटीत बसवायचा तर मागे सरकावंच लागतं.

"आरशात तर बरं दिसतं," ती म्हणाली. दिसणारच. आरशापासून आपण अर्धा मीटर उभे राहतो, पण आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे आणखी अर्धा मीटर असते. म्हणजे आपण स्वतःला एका मीटरवरून बघतो, आणि त्या अंतराला हिशेब ३० येतो. वर आरशासमोर दोन डोळे उघडे असतात. दोन डोळ्यांमुळे मेंदूला खोली कळते; नाक पुढे आहे म्हणून मोठं दिसतंय, एवढी सूट तो परस्पर देऊन टाकतो. सपाट फोटोत ती सूट मिळत नाही. घरातल्या कुणाच्या तरी चेहऱ्याजवळ फूटभर अंतरावर जा, एक डोळा मिटा आणि थोडा वेळ टक लावून बघा. सेल्फीतलं नाक समोर उभं राहील. (हे कुणाला न सांगता करू नये, बहीण दचकली होती.) कॅमेरा खोटं बोलत नव्हता. ज्या जागेवरून आपल्याला सहसा कुणी बघत नाही, तिथून तो बघत होता.

नाकाचा हा हिशेब डॉक्टरांनीही मांडला आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन बोरिस पास्खोव्हर यांनी स्टॅनफर्डच्या संशोधकाबरोबर चेहऱ्यांच्या सरासरी मापांवरून एक गणिती प्रतिकृती केली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भासते आणि ५ फुटांवर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. आमच्या गच्चीवरची दोन अंतरं मी त्यांच्याकडूनच उचलली होती. सेल्फी दाखवून नाक लहान करा म्हणणारे रोगी वाढले, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. हे ऐकल्यावर भाची थोडा वेळ काही बोलली नाही.

आता वाइड-अँगल लेन्सला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. तिची स्वतःची एक खोड आहे, आणि ती नाकात नाही, चौकटीच्या कडेला दिसते. त्याच संध्याकाळी आम्ही अकरा जण सराफ्यात गेलो आणि सगळे मावावेत म्हणून कुणीतरी ०.५ची लेन्स लावून ग्रुप फोटो काढला. मधे उभे असलेले सगळे ठाकठीक, पण उजव्या टोकाला माझे मेहुणे भुट्ट्याच्या किसासारखे पसरले होते. सरळ रेषा सरळच ठेवायच्या, असा या लेन्सचा नियम असतो, नाहीतर इमारती वाकड्या दिसतील. तो नियम पाळायचा तर कडेच्या गोष्टी बाहेरच्या दिशेला ताणाव्या लागतात. मध्यापासून ३५ अंशांवर असलेलं डोकं सुमारे सव्वापट ताणलं जातं, ५५ अंशांवर ते पावणेदोनपट होतं. इथे अंतर वाढवून भागत नाही. माणसाला कडेवरून मधे आणावं लागतं, किंवा थोडं मागे जाऊन साधी लेन्स लावावी लागते. हल्ली काही फोन कडेचे चेहरे ओळखून हा ताण आपोआप कमी करतात. पण जवळ आणल्यामुळे फुगलेलं नाक त्यांनी सरळ होत नाही. गालांनी झाकलेले कान फोटोत मुळात आलेलेच नसतात, ते आणणार कुठून?

बायोडेटाच्या फोटोचं काम शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे होण्याआधी उरकलं. फोन जेवणाच्या टेबलावर, पोह्यांवर भुरभुरायच्या शेवेच्या डब्याला टेकवला. खाली तीन पुस्तकं घातली, कारण लेन्स डोळ्यांच्या उंचीला हवी. खालून घेतलं तर हनुवटी जवळ येऊन मोठी होते, वरून घेतलं तर कपाळ. नियम तोच, फक्त नाकाऐवजी दुसऱ्या कुणाचा नंबर लागतो. मागचा कॅमेरा, झूम २ वर, टायमर दहा सेकंद, आणि टेपने मोजून दीड मीटर. फोनला त्या झूमसाठी वेगळी लेन्स नसली तरी चालतं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला भाग कापला जाऊन ३ मेगापिक्सेल उरतात, आणि ४ बाय ६ इंचांच्या छापील फोटोला तेवढे पुरतात.

तिसऱ्या प्रयत्नात तिला आवडेल असा फोटो आला. तिने तो बघितला, मोठा केला, पुन्हा लहान केला. मग म्हणाली, "मामा, यात माझे कान केवढे दिसतायत!"