चित्रातल्या लेबलवरची अक्षरं का बिघडतात, आणि आम्ही ती कशी बसवतो

एआयने काढलेल्या चित्रात बाटली हुबेहूब असते, काचेवरची चमकही खरी वाटते. लेबलवर मात्र अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी भलतंच असतं. प्रॉम्प्ट नीट लिहिला की हे सुटेल, असं बऱ्याच ग्राहकांना वाटतं. मोठ्या अक्षरातल्या छोट्या इंग्रजी नावापुरतं नव्या मॉडेल्सना ते जमूही लागलं आहे. बारीक मजकूर आणि देवनागरी यांच्या बाबतीत आम्ही अजून भरवसा ठेवत नाही.

मॉडेलकडे फॉन्ट नसतो. पानं किंवा ढग रंगवावेत तसं ते अक्षरही रंगवतं. पानाची शीर थोडी सरकली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण वेलांटी सरकली की शब्दच बिघडतो. शिवाय अनेक मॉडेल्स आतल्या आत लहान केलेल्या चित्रावर काम करतात. १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र तिथे आडवं १२८ चौकटींचंच असतं, म्हणजे ८ पिक्सेलला एक चौकट. लेबलवरच्या २४ पिक्सेल उंचीच्या ओळीला उभ्या ३ चौकटी मिळतात आणि शिरोरेषा, मात्रा, अनुस्वार सगळं तेवढ्यातच उमटावं लागतं.

समजा, क्रीमच्या बाटलीवर ‘स्निग्ध’ हे नाव हवं आहे. त्यात दोन जोडाक्षरं आहेत आणि वेलांटी टाइप होते ‘न’नंतर, पण दिसते ‘स्’च्याही आधी. म्हणून आम्ही मॉडेलकडून कोऱ्या लेबलची बाटलीच काढून घेतो. प्रॉम्प्टमध्ये नाव घालत नाही. घातलं की ते खरडायला लागतं. तरीही रेघोट्या उमटल्याच, तर तेवढा भाग निवडून पुन्हा भरून घेतो.

मग फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर नाव टाइप करतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी आधी निवडावी लागते, नाहीतर हलन्त सुटे दिसतात आणि वेलांटी चुकीच्या जागी जाते. पुढे बाटलीच्या गोलाईप्रमाणे मजकूर वाकवतो. कडेची अक्षरं मधल्या अक्षरांपेक्षा अरुंद दिसायला हवीत. सगळी सारख्याच रुंदीची राहिली, तर लेबल चिकटवल्यासारखं वाटतं. लेयर ‘मल्टिप्लाय’वर ठेवला की खालची सावली गडद अक्षरांतून दिसते (पांढऱ्या अक्षरांना हे चालत नाही, त्यांच्यावर सावली वेगळी द्यावी लागते). शेवटी फोटोइतकाच किंचित धूसरपणा आणि दाणेदारपणा देतो. खऱ्या लेबलच्या छपाईच्या फाइलमध्ये मात्र मजकूर व्हेक्टरच ठेवतो, म्हणजे कडा फुटत नाहीत.

चित्र मंजूर करताना ते २०० टक्के मोठं करून पाहा, विशेषतः मागच्या पाट्या आणि डब्यांच्या कडा. उरलेली खोटी अक्षरं बहुतेकदा तिथेच सापडतात. आणि लेबलचा मजकूर स्क्रीनशॉट म्हणून पाठवू नका. युनिकोडमध्ये टाइप करून, शुद्धलेखन तपासून पाठवा. आम्ही तो जसाच्या तसा लेबलवर उतरवतो.