खडा टाकला, उत्तर थट्टेत आलं

ओंकारने नाटकाच्या ग्रुपमधल्या सायलीला रात्री मेसेज केला, “आज तालमीला तू नव्हतीस. हॉल रिकामा रिकामा वाटला.” सायलीचं उत्तर आलं, “पंखे पण बंद होते म्हणे. बरं झालं मी आले नाही.” दोन दिवसांनी त्याने लिहिलं, “त्या निळ्या कुर्त्यात छान दिसत होतीस.” ती म्हणाली, “कुर्त्याला कळवते. आईचा आहे तो.” मग शनिवारी, “तुझ्याशी बोललं की दिवस बरा जातो.” त्यावर, “मग मी फी चालू करते. दिवसाला वीस रुपये.”

ही दोघं मी उदाहरणासाठी रचली आहेत. पण अशी चॅट कुणीतरी फोन पुढे करून दाखवली नाही, असं वर्ष माझं गेलेलं नाही. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी मुलगी, आणि प्रश्न एकच असतो: आता आणखी पुढे जाऊ, की थांबू?

आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू. ‘तू मला आवडतेस’ असं न म्हणता ‘हॉल रिकामा वाटला’ म्हणणं म्हणजे खडा टाकून बघणं. माणसं असं आडून का बोलतात, याचा तर्कशुद्ध उलगडा स्टीव्हन पिंकर, मार्टिन नोवाक आणि जेम्स ली यांनी 2008 मध्ये मांडला. समोरचा आपल्या बाजूने आहे की नाही हे ठाऊक नसतं, आणि सरळ विचारून नकार आला तर असलेलं नातंही अवघडतं. अशा वेळी दोन अर्थांचं वाक्य सोयीचं पडतं. समोरच्याला रस असेल तर तो आतला अर्थ उचलतो. नसेल तर दोघंही वरवरचा अर्थ धरून पुढे जातात आणि कुणाचीच मान खाली जात नाही.

सायलीची थट्टा हीच सोय पलीकडून वापरते. ओंकारने ऐकवलं पण विचारलं नाही, आणि तिने ऐकलं पण उत्तर दिलं नाही. खडा टाकणाऱ्याला मिळणारं सगळ्यात स्वाभाविक उत्तर हेच आहे. म्हणून ‘ती नीट उत्तरच देत नाही’ ही तक्रार मला पटत नाही. तिला नीट प्रश्न विचारलेलाच नाही.

आता थट्टेमागे काय असू शकतं? एक, तिला तो आवडतो, पण लाज वाटते किंवा खात्री नाही. दोन, तिला तसा रस नाही आणि त्याला दुखवायचंही नाही. तिसरी शक्यता लोक विसरतात: खडा पडलेला तिला कळलाच नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी असलेल्या मुलामुलींच्या 52 जोड्यांना दहाएक मिनिटं गप्पा मारायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तू फ्लर्ट करत होतास का, आणि समोरचा करत होता का. समोरचा फ्लर्ट करत नव्हता तेव्हा ते ओळखण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक बरोबर निघाले. पण समोरचा खरंच करत होता तेव्हा मुलांपैकी 36 टक्क्यांना आणि मुलींपैकी फक्त 18 टक्क्यांना ते उमगलं. ही अमेरिकेतली पहिल्याच भेटीतली अनोळखी मुलं होती. रोज तालमीला भेटणाऱ्यांना हेच आकडे लागू पडतील असं नाही.

आणि टाकणाऱ्याचा अंदाज उलट्या बाजूने चुकतो. 2003 मध्ये जॅकी व्होरॉअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नकाराची धास्ती असलेल्या माणसाला आपला इशारा प्रत्यक्षापेक्षा खूप मोठा वाटतो. आपल्या मनात काय आहे ते आपल्याला माहीत असतं, म्हणून वाक्यातही ते दिसतंय असं वाटतं. निळ्या कुर्त्याचं वाक्य बऱ्यापैकी उघड होतं, पण रिकाम्या हॉलचं? ते एखादा मित्रही सहज म्हणून जाईल.

तरीही थट्टा आणि थट्टा यांत फरक असतो, आणि तो वाक्यातच सापडतो. ओंकारच्या तीन मेसेजेसची उत्तरं पुन्हा वाचा. पहिल्यात तो ‘तू नव्हतीस’ म्हणाला, ती पंख्यांवर गेली. दुसऱ्यात तो तिच्या दिसण्याबद्दल बोलला, तिने ते कौतुक कुर्त्याकडे आणि कुर्ता आईकडे पाठवून दिला. दोन्ही वेळा ‘तू आणि मी’ वाक्यातून बाहेर पडले आणि विषय तिथेच मिटला. तिसरं उत्तर वेगळं आहे. ‘मी फी चालू करते’ यात ती आहे, तो आहे, आणि पुढे बोलायला जागाही आहे. ओंकारने ‘महिन्याचा पास मिळेल का’ असं विचारलं आणि तिने पासाच्या अटी घालायला सुरुवात केली, तर थट्टा दोघांची झाली. हॉल यांच्याच 2015 च्या एका अभ्यासात, दोन अनोळखी माणसं एकत्र हसतात की नाही याचा त्यांच्या एकमेकांतल्या रसाशी संबंध दिसला. विनोद किती चांगला होता यापेक्षा तो कोणी उचलला हे पाहावं.

दुसरी गोष्ट बघायची ती तिची एरवीची बोलण्याची रीत. सायली सगळ्यांशीच अशी बोलते का? तालमीच्या वेळा, आजीचं दुखणं, नोकरीतली कटकट यांवर ती ओंकारशी शांतपणे, सविस्तर बोलत असेल आणि फक्त कौतुक आलं की विनोदाकडे वळत असेल, तर ती विषय चुकवते आहे. परीक्षेच्या निकालापासून पाणीकपातीपर्यंत ती सगळंच थट्टेवारी नेत असेल, तर तो तिचा स्वभाव आहे आणि त्या तीन उत्तरांवरून जवळजवळ काहीच कळत नाही. माझ्या मते ही तुलना सगळ्यात उपयोगी आहे आणि लोक ती सगळ्यात कमी करतात, कारण गोड मेसेजच पुन्हा पुन्हा उघडून वाचले जातात.

‘काही कळत नाही’ म्हणजे किती, ते हिशेबाने पाहू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. समजा अशा दोनशे सायली आहेत, शंभरांना ओंकार आवडतो आणि शंभरांना नाही. आवडणाऱ्यांपैकी साठ जणी कौतुकाला थट्टेने उत्तर देतील, लाजेने. न आवडणाऱ्यांपैकी सत्तर देतील, भिडेने. म्हणजे थट्टा करणाऱ्या एकशेतीस, त्यात आवडणाऱ्या साठ, साधारण 46 टक्के. थट्टा येण्याआधी शक्यता पन्नास होती, आल्यावर सेहेचाळीस झाली. आणखी धीट वाक्य टाकलं की आणखी थट्टा येते आणि कळतं तेवढंच. उलट धीटपणा वाढत जातो तसं तिला चुकवण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि ज्या सायलीला रस नाही तिच्यासाठी रोजची तालीम नकोशी होते.

म्हणून पुढे जायचंच असेल तर छेडण्याची पातळी आहे तिथेच ठेवून प्रश्न स्पष्ट करावा. एक छोटी, ठरावीक गोष्ट, वार आणि वेळेसह, जिला नाही म्हणणं सोपं असेल. ओंकारने असं लिहावं: “रविवारी सुदर्शनला सातचा प्रयोग आहे. माझ्यासोबत येशील? आपण दोघंच. नाही जमलं तरी काही नाही.” यातला ‘दोघंच’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तो गाळला तर ग्रुपला बोलावलंय असं समजून ती आणखी तिघांना घेऊन येईल आणि ओंकार पुन्हा अंदाज बांधत बसेल. पुन्हा तेच दोनशे धरा. आवडणाऱ्यांपैकी ऐंशी जणी हो म्हणतील किंवा दुसरा दिवस सुचवतील, न आवडणाऱ्यांपैकी समजा वीस. असं उत्तर आलं तर शक्यता पन्नासवरून ऐंशीवर जाते, नाही आलं तर विसावर येते. एका प्रश्नाने एवढं कळतं.

उत्तर वाचताना एक चूक हमखास होते. ‘नको असतं तर नाही म्हणाली असती ना’ असं स्वतःला समजावलं जातं. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी 1999 च्या निबंधात याच समजुतीला हात घातला. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना दिसलं आहे की होकार पटकन आणि सरळ येतो, तर नकार उशिरा, अडखळत, काहीतरी गोड जोडून आणि कारण देऊन येतो. ‘नाही’ हा शब्द त्यात बहुतेक वेळा नसतोच, तरी ऐकणाऱ्याला तो कळतो. आपल्याकडेही मावशीने जेवायला बोलावल्यावर ‘बघते गं, जमलं तर येते’ म्हटलं की मावशी पोळ्या वाढवून करत नाही.

तेव्हा सायलीने “रविवारी मावसबहिणीचं केळवण आहे रे, पण पुढच्या शनिवारी आहे का प्रयोग?” असं लिहिलं तर केळवण खरंच आहे आणि शनिवार ठरवावा. “रविवारी केळवण आहे” एवढंच आलं आणि पुढे काही नाही, तर तो नकार धरावा. खरंच केळवण असेल आणि तिला यायचं असेल, तर आता तिला ठाऊक आहे की दार उघडं आहे. आठवड्याभरात ती स्वतः विषय काढेल. आणि “तिकिटं तू काढणार असशील तर आख्खी तालीम घेऊन येते” असं आलं तर? दोघांचं तिने पुन्हा सगळ्यांचं केलं. स्पष्ट प्रश्नालाही थट्टाच आली, तर ती नकारात मोजावी. ‘म्हणजे हो की नाही?’ असं मागे लागू नये.

एका परिस्थितीत मात्र मी हा एक प्रश्नसुद्धा विचारू नका असंच सांगेन. ओंकार नाटकाचा दिग्दर्शक असेल, किंवा ऑफिसात तिचा वरिष्ठ असेल, तर तिच्या हसण्यातून काहीच वाचता येत नाही. व्हनेसा बोन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट यांनी 2019 मध्ये दाखवलं की अशी विचारणा नाकारताना समोरच्याला किती अवघड जातं, याचा विचारणाऱ्याला नीट अंदाज येत नाही. तो ते कमीच धरतो. हातात भूमिका, पगार किंवा मार्क असतील तर तिथे होकारही भरवशाचा राहत नाही.

आपला ओंकार सहकलाकार आहे, त्यामुळे त्याने विचारलं. केळवणाचं उत्तर आलं, शनिवार आला नाही. त्याने लिहिलं, “अरे वा, उखाणे ऐकून ये. सोमवारी दुसरा अंक उभा करायचाय, सहाला.” रविवारचं तिकीट त्याने एकच काढलं. सोमवारी सहाला सायली आली आणि पंखे कुणी लावायचे यावरून दोघांचं नेहमीसारखं वाजलं.