वृक्षरेषा आणि हिमरेषा: तपोवनात लिहिलेलं डायरीतलं एक पान

तपोवन, गोमुखाच्या वरचं पठार, सप्टेंबरअखेर

सकाळी तंबूची चेन उघडली तर बाहेर बोटभर बर्फ. आमच्यातला सगळ्यांत धाकटा गडी ओरडला, "काका, स्नो लाईन लागली!" दुपारी बाराला त्या बर्फाचा मागमूस नव्हता आणि पठारावर भरल या रानमेंढ्यांचा कळप गवत खुडत होता. काल भोजबासाच्या अलीकडे झाडं संपली तेव्हाही हाच म्हणाला होता की आता बर्फाचा इलाका सुरू. ट्रेकवर सर्रास असंच बोललं जातं: झाडं संपली की बर्फ. प्रत्यक्षात या दोन रेषांमध्ये इथे जवळपास हजार मीटरचं अंतर आहे, आणि दोन्ही ठरतात वेगवेगळ्या कारणांनी.

झाडांपासून सुरुवात करतो. ऋषिकेशच्या आसपास, साडेतीनशे मीटरच्या जवळ, सालाचं जंगल. चंबाच्या घाटात बांज ओक भेटला, उत्तरकाशीकडे चीड. हर्सिलला देवदार आणि कैल. चीड आणि कैल दोन्ही पाइनच, पण गळलेल्या सुयांचा झुपका उचलून पाहिला की ओळख पटते: चिडाला एका झुपक्यात तीन सुया, कैलाला पाच. गंगोत्री ३१०० मीटरवर. तिथून चालायला लागल्यावर देवदार लवकरच मागे पडला. चीडबासापर्यंत कैलाची सोबत होती, मग भूर्ज सुरू झाला. पापुद्रे सुटणारी पांढरट साल, पिवळी पडत चाललेली पानं. वर जावं तशी झाडं बुटकी होत गेली. कित्येकांची खोडं बुंध्याशी उताराच्या दिशेने वाकून मग वर वळलेली, कारण हिवाळाभर बर्फाचं ओझं त्यांना खाली रेटत असतं.

साहजिकच वाटतं की बर्फच झाडांना अडवतो. पण भूर्ज महिनोन्महिने बर्फात उभा राहू शकतो. त्याला अडवतो तो थंड उन्हाळा. हवा पाच अंशांच्या खाली गेली की पानं अन्न तयार करत राहतात, पण नवं लाकूड घडवणाऱ्या पेशींची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून जगभरातल्या डोंगरांवर वृक्षरेषा साधारण तिथेच सापडते, जिथे वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास असतं. मग त्याच जागी गवत आणि झुडपं कशी तगतात? ती जमिनीला चिकटून असतात. ऊन पडलं की जमिनीलगतचा हवेचा थर चांगलाच तापतो आणि ती त्या उबेत वाढतात. झाडाला मात्र शेंडा वाऱ्यात काढावा लागतो. उंच वाढणं हेच त्याला इथे महागात पडतं.

म्हणजे झाडं संपली तिथे वृक्षरेषा, असं थेट म्हणता येईल का? भोजबासालाच हे फसतं. ३८०० मीटरच्या या मुक्कामाला नाव भूर्जाचं, पण आसपास उघडी माती आणि दगडगोटे. इथलं भूर्जाचं बन यात्रेकरूंच्या आणि मुक्कामांच्या चुलींत गेलं. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९० च्या दशकात या भागात भूर्जाची रोपं लावायला घेतली आणि ती जगली. झाड इथे जगू शकतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला? म्हणून खरी रेषा शोधायची तर वाट सोडून माणूस आणि गुरं पोचत नाहीत अशा कड्यांतलं शेवटचं झाड पाहावं, आणि सावलीच्या उताराशी उन्हाच्या उताराची गल्लत करू नये. आपलं कासचं पठारही झाडांविना आहे, पण ते बाराशे मीटरच्या आसपास. तिथे झाडांना अडवतो तो जांभ्याचा कातळ आणि वीतभरही नसलेली माती. कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीला वृक्षरेषा नाहीच.

आता हिमरेषा. तिचा झाडांशी काही संबंध नाही, तिथे जमाखर्च चालतो. वर्षभरात जितका बर्फ पडतो तितका उन्हाळ्यात वितळत नाही, अशी जागा जिथून सुरू होते ती हिमरेषा. म्हणून ती पाहायची वेळही ठरलेली: उन्हाळा आणि पावसाळा उलटल्यावर, नवा हिवाळी बर्फ पडायच्या आत. मे महिन्यात बुग्याळावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, गुडघाभर बर्फ लागतो, पण तो जुलैपर्यंत निघून जातो. ती फक्त हिवाळ्याची शिल्लक. आज सकाळचा बर्फ तर अर्ध्या दिवसाचा पाहुणा.

दोन्ही रेषांमधल्या अंतराचा ढोबळ हिशेब मांडता येतो. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. मूळ वृक्षरेषा ३९०० च्या आसपास धरली आणि तिथलं उन्हाळी सरासरी तापमान सहा अंश, तर शून्य गाठायला आणखी हजारेक मीटर चढावं लागेल. म्हणजे ४९०० ते ५०००, आणि या खोऱ्यात हिमरेषा साधारण त्याच पट्ट्यात किंवा थोडी वर आहे. तपोवन ४४०० च्या वर असूनही अजून तिच्या खालीच. पण हा हिशेब सगळीकडे चालत नाही, कारण जमाखर्चात जमेची बाजूही असते. तिबेटच्या कोरड्या बाजूला थंडी भरपूर, पण बर्फ पडतोच कमी, म्हणून हिमरेषा ६००० मीटरपर्यंत वर सरकते. उलट न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकं हिम पडतं की हिमनद्या थेट वर्षावनाच्या शेजारी उतरतात.

हिमनदीनेही घोळ होतो. काल गोमुखाला चार हजार मीटरच्या जवळ बर्फाची भिंत पाहिली, म्हणून हिमरेषा तिथे आली असं नाही. तो बर्फ चौखंब्याच्या पायथ्यापासून तीस किलोमीटर सरकत आलेला आहे, आणि खालच्या टप्प्यात जितका वितळतो त्यातली बरीच भर वरून येत राहते, पूर्ण नाही, म्हणून ही भिंत मागे सरकते आहे.

मग उभ्या जागी ओळखायचं कसं? मी दगड पाहतो. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद इथे दगडांवर नारिंगी आणि काळे डाग धरून आहेत. ते फार सावकाश वाढतात आणि त्यांना दरवर्षी उघडा उन्हाळा लागतो. असे डाग मोठे आणि दाट असतील तर तिथला बर्फ टिकत नाही, मग आज त्यावर कितीही साचलेला असो. हिमनदीवर खूण वेगळी: वितळत्या भागातला बर्फ राखाडी, दगडमातीने माखलेला, आणि त्याच्या वर जिथून स्वच्छ पांढरा थर सुरू होतो ती या हंगामाची रेषा. मेरू शिखराच्या बाजूला दुर्बिणीतून ती आज बऱ्यापैकी दिसली. शिवलिंग शिखराच्या भिंतीवर मात्र शोधू नये. उभ्या कातळावर बर्फ ठरतच नाही, हिमरेषेच्या कितीतरी वर तो काळाच दिसतो.

आणि असा उघडा खडक वर आहे म्हणून झाडोराही हिमरेषेपाशी थांबत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात खाली जुनिपरची झुडपं, मग गवत, ब्रह्मकमळ, त्याहून वर लोकर पांघरल्यासारखं फेनकमळ. एव्हरेस्टच्या परिसरात तर ६००० मीटरच्याही वर, बर्फ न टिकणाऱ्या खडकांच्या फटींत, जमिनीलगत उशीसारखी पसरणारी फुलझाडं नोंदली गेली आहेत.