धनाग्रापाशी दरवेळी ऑक्सिजनच का निघत नाही : पाणी आणि मोरचूद यांच्या विद्युत अपघटनाची पार्श्वभूमी

खाडीकाठच्या गावांतल्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि तेच पाणी घेऊन मुलांना विद्युत अपघटनाचा, म्हणजे वीज सोडून पाणी फोडण्याचा प्रयोग दाखवायला गेले की ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर त्याच्या निम्मा ऑक्सिजन हे पुस्तकातले उत्तर चुकते. मालवणकडच्या एका शाळेत मी स्वतः हा अनुभव घेतला आहे. जुन्या टॉर्चच्या सेलमधल्या कार्बनच्या दोन कांड्या, बारा व्होल्टची बॅटरी आणि शाळेच्या विहिरीचे पाणी एवढे साहित्य होते. ऋणाग्रावरच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवरच्या नळीत हायड्रोजन भरभर जमला, पण धनाग्रावरच्या नळीत त्याच्या निम्मा वायू यायला हवा होता तिथे जेमतेम बोटभर आला, आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरीसारखा वास वर्गभर पसरला. ओला लिटमस कागद नळीच्या तोंडाशी धरताच त्याचा रंग उडाला. तो ऑक्सिजन नव्हता, क्लोरीन होता, आणि क्लोरीन पाण्यात बराच विरघळत असल्यामुळे नळीतले माप कमी भरले होते.

हा घोटाळा सव्वादोनशे वर्षांचा जुना आहे. व्होल्टाने वीज देणाऱ्या आपल्या चवडीची, म्हणजे पहिल्या बॅटरीची माहिती मार्च 1800 मध्ये पत्राने लंडनला कळवली आणि त्या पत्राच्या आधारे विल्यम निकोल्सन व अँथनी कार्लाइल यांनी चांदीची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि ओले पुठ्ठे रचून तशीच चवड उभी केली. 2 मे 1800 रोजी त्यांनी नळीतल्या पाण्यात पितळेच्या दोन तारा सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसऱ्या तारेवर मात्र वायू आलाच नाही, तार काळवंडत गेली. ऑक्सिजन सुटण्याआधी पितळच गंजत होते. पुढे पितळेऐवजी प्लॅटिनम वापरले तेव्हा दोन्हीकडे वायू निघाला आणि त्यांनी जमवलेल्या वायूंची मापे 142 आणि 72 अशी आली, म्हणजे जवळजवळ दोनास एक. किंचित फरक राहिला तो मोजमापातला असणार, कारण आजही पहिल्या काही मिनिटांतले माप विश्वासाचे नसते. धनाग्र कशाचे आहे हा प्रश्न असा पहिल्याच आठवड्यात पुढे आला होता.

त्याच वर्षी विल्यम क्रुकशँक यांनी धातूंच्या क्षारांची द्रावणे घेतली. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या द्रावणात ऋण बाजूच्या तारेवर हायड्रोजनऐवजी तांब्याचा लाल थर बसला. इथे कारण सोपे आहे. तांब्याचा आयन इलेक्ट्रॉन घेण्यास पाण्यापेक्षा अधिक उत्सुक असतो, त्यामुळे तो द्रावणात पुरेसा असेपर्यंत हायड्रोजनला संधी मिळत नाही.

यापुढची काही वर्षे मात्र गोंधळाची गेली, कारण नुसत्या पाण्यातून वीज नेली तरी एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला अल्क दिसू लागले आणि वीज पाण्यातून नवे पदार्थ घडवते असे काहींना वाटले. हम्फ्री डेव्ही यांनी हा संशय ज्या चिकाटीने निस्तरला तो भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. काचेची भांडी टाकून त्यांनी अकीकाच्या वाट्या घेतल्या, तरी थोडे अल्क आले. मग सोन्याची भांडी घेतली आणि पाणी चांदीच्या पात्रातून सावकाश ऊर्ध्वपातित केले. उरलेले आम्ल हवेतला नायट्रोजन पाण्यात विरघळल्यामुळे तयार होत होते, म्हणून शेवटी प्रयोग हायड्रोजनच्या वातावरणात केला, आणि तेव्हा हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज काही उरले नाही. नोव्हेंबर 1806 च्या व्याख्यानात त्यांनी हे मांडले. बाकी सारे आले होते ते काचेतून, पाण्यातल्या क्षारांतून आणि हवेतून. आमच्या वर्गातला क्लोरीनही असाच विहिरीतल्या मिठातून आला होता.

मायकल फॅरेडे यांनी 1834 मध्ये पुढचे पाऊल टाकले. वायर आयनांना ओढते ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते ते टोक म्हणजे विजेने द्रावणात शिरण्याचा किंवा बाहेर पडण्याचा केवळ मार्ग होता, आणि म्हणून विल्यम ह्यूएल आणि इतर मित्रांच्या मदतीने त्यांनी इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड हे ग्रीक मुळांचे शब्द घडवले, ज्यांना आपण अग्र, धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो. किती पदार्थ निघेल हे वाहून गेलेल्या विजेवर ठरते हा त्यांचा नियमही याच काळातला आहे. कोणता पदार्थ निघेल हे मात्र नियम सांगत नाही. ते द्रावणात काय आहे आणि अग्र कशाचे आहे यावर ठरते.

एक उदाहरण सोडवून पाहू. 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळवावा आणि अर्धा अँपिअर वीज 32 मिनिटे 10 सेकंद सोडावी. ऋणाग्रावर 0.32 ग्रॅम तांबे बसेल. याच वेळात आम्ल घातलेल्या पाण्यात 30 अंश तापमानाला सुमारे 124 मिलिलिटर हायड्रोजन आणि 62 मिलिलिटर ऑक्सिजन निघाला असता.

आता धनाग्र प्लॅटिनमचे असेल तर तिथेही ऑक्सिजनच निघतो, कारण सल्फेट आयन इलेक्ट्रॉन सोडायला तयार नसतो आणि त्याच्याऐवजी पाणी ते देते. सोबत द्रावणात सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि मोरचुदाचा चौथा हिस्सा संपल्यामुळे निळा रंग नजरेला फिका दिसतो. कार्बनची कांडी घेतली तर निघणारा थोडा ऑक्सिजन तिलाच खाऊन कार्बन डायऑक्साइड होतो, कांडी झिजते आणि तळाशी काळा भुगा साचतो. म्हणून कार्बनवर मोजलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर फार विसंबू नये.

धनाग्र तांब्याच्या पट्टीचे असेल तर चित्र पालटते. बुडबुडे दिसत नाहीत, पट्टी विरघळत जाते आणि जेवढे तांबे ऋणाग्रावर बसते तेवढेच द्रावणात येते, म्हणून निळा रंग तसाच राहतो. निकोल्सन-कार्लाइल यांच्या पितळी तारेत आणि या पट्टीत मूळ गोष्ट एकच आहे, की पाण्याआधी धातूच इलेक्ट्रॉन देतो. तांबे शुद्ध करण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. वीज फार जोरात सोडली तर मात्र ऋणाग्रापाशी तांब्याचे आयन वेळेवर पोहोचत नाहीत, थर चकचकीत लाल बसण्याऐवजी काळसर भुसभुशीत होतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागतात.

वर्गात पाण्याचाच प्रयोग करायचा असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे सोडियम सल्फेट किंवा गॅरेजमधले बॅटरीचे आम्ल अगदी थोडे घालावे, आणि आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे. मीठ घालू नये, आणि घातलेच तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

मोरचूद मात्र कोकणात दुकानात शोधावा लागत नाही. पावसाआधी सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यासाठी 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतात, आणि ते लोखंडी बादलीत कालवत नाहीत. मिश्रण तयार झाले की कोयत्याचे पाते त्यात बुडवून पाहतात. पाते लालसर झाले तर द्रावणात मोकळे तांबे शिल्लक आहे, म्हणजे चुना कमी पडला. बॅटरी नसताना इथे लोखंडच इलेक्ट्रॉन देते, आणि त्या पात्यावर बसलेला लाल थर क्रुकशँक यांनी 1800 मध्ये आपल्या तारेवर पाहिला त्याच तांब्याचा असतो.